उसाच्या पाचटाची मोहीम, मराठी आणि कन्नड मजकूर: शब्दाला शब्द लावणं कसं टाळायचं?

हिरण्यकेशी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. चिकोडी, हुक्केरी, निपाणी, रायबाग आणि अथणी या पट्ट्यासाठी एका साखर कारखान्याची मोहीम आहे. सांगायचं एवढंच की ऊस तुटल्यावर पाचट पेटवू नका, खोडव्यात कुजवा. एक पत्रक, गट ऑफिसच्या भिंती, रिक्षावरचा भोंगा आणि मोबाइलवर मेसेज असं साहित्य आहे.

मूळ मजकूर बाहेरच्या जाहिरात संस्थेने इंग्रजीत लिहिला: 'डोंट बर्न युवर फ्यूचर. टर्न ट्रॅश इन्टू ट्रेझर.' त्याचं मराठी आलंय: 'तुमचे भविष्य जाळू नका. कचऱ्याचे खजिन्यात रूपांतर करा.' कन्नड आलंय: 'निम्म भविष्य सुडबेडी. कसवन्नु निधियागि परिवर्तिसी.' (कन्नड इथे देवनागरीत लिहितेय, सगळ्यांना वाचता यावं म्हणून.)

दोन्हींत व्याकरणाची चूक नाही. पण वाचून कुणी शेतकरी हलणार नाही, हे कळतंय. नुसतं 'सोपं करा' म्हणून परत पाठवलं तर तेच वाक्य थोडं सोपं होऊन येतं. मग मागायचं काय आणि तपासायचं कसं? हिंदीही काढायची का, असं वरून विचारणं झालंय.

राजू_संकेश्वर

ताई, एवढा विचार कशाला ओ. इकडे सगळ्यांना दोन्ही भाषा येतात. एक हिंदी काढा, मुसलमान शेतकरी, ट्रॅक्टरवाले, तोडणी टोळ्या सगळे आले त्यात. आणि खरं सांगायचं तर राखेत पोटॅश असतंय, म्हणून लोक जाळतात. त्यांना ते माहीत आहे.

शाईपेन

राजूभाऊ, तुमचं अर्धं बरोबर आहे, आणि ते अर्धं कामाचं आहे, म्हणून त्यावर पुढे येतो. आधी ताईंच्या मजकुराकडे.

'ट्रॅश' म्हणजे उसाचं सुकं पान हे ज्याला ठाऊक नाही, तो 'कचरा' लिहिणारच. मराठीत त्याने निदान हसू येतं, कारण पाचटाला कुणी कचरा म्हणत नाही. कन्नडमध्ये नुकसान जास्त आहे. आपल्या भागात शेतातलं 'कस' म्हणजे तण. 'कस तगी' म्हणजे भांगलण कर. त्यामुळे 'कसाचा निधी करा' हे शेतकऱ्याला तणाबद्दल वाटणार. त्यात 'निधी' म्हटलं की कारखान्याच्या बिलातून आणखी एक कपात आली का, ही शंका पहिली.

या पट्ट्यात कन्नडमध्ये पाचटाला 'रवदी' म्हणतात. बेंगळूरहून मजकूर आला तर त्यात 'तरगु' येईल. तिकडे तो बरोबर आहे, अथणीत परका वाटतो. म्हणजे 'कन्नड आवृत्ती' असं नुसतं म्हणून भागत नाही, कुठल्या कन्नडची ते ठरवावं लागतं. मराठीतही तसंच. 'वाडं' वेगळं आणि 'पाचट' वेगळं. वाडं म्हणजे हिरवा शेंडा, तो जनावराला जातो. पत्रकावर चित्रकाराने हिरवी पानं काढली तर लोक म्हणतील, वाडं कुणी जाळतं का?

आता काय मागायचं ते. इंग्रजी वाक्य दोन्ही लेखकांच्या हातातच देऊ नका. त्याऐवजी एका पानाचं साधं टिपण द्या. शेतकऱ्याने नेमकं काय करायचं, कधी करायचं, आज तो तसं का करत नाही, त्याला काय मिळणार आणि कुठला शब्द वापरायचा नाही, एवढंच त्यात. टिपणात घोषवाक्य नको. घोषवाक्य असलं की लेखक त्याच्यामागे धावतो. त्या टिपणावरून मराठीचा माणूस मराठीत लिहील, कन्नडचा कन्नडमध्ये. दोघांनी एकमेकांचं बघायचं ते शेवटी.

अथणी_कृष्णाकाठ

माझी मातृभाषा कन्नड, मराठी वाचायला-बोलायला येतं. शाईपेन यांचं 'रवदी' बरोबर आहे. पण तुमच्या टिपणात एक गोष्ट आणखी लागेल: शेतकरी जाळतो का, याचं उत्तर गावागणिक बदलतं.

कृष्णाकाठाला काळी जमीन आणि पाटपाणी. पाचट सरीत राहिलं की पाणी पुढे सरकत नाही, पाचट तरंगून एका जागी गोळा होतं आणि सरी फुटते. हे तिथलं खरं कारण. दुसरीकडे कुणाला उंदराची भीती, कुणाला खोडव्याचे फुटवे दबतील याची, कुणाला मशागतीला अडचण. एका गावाला 'जमिनीचा कस वाढेल' सांगितलंत आणि त्याचा प्रश्न पाण्याचा असेल, तर भाषा कितीही गोड असू दे, तो मान हलवून घरी जाणार आणि काडी लावणार.

शाईपेन

अगदी. यामुळेच मी म्हणतो, आवृत्त्या भाषेनुसार पाडायच्या आधी अडचणीनुसार पाडा. पाटपाण्याच्या पट्ट्याला 'एक आड एक सरीत पाचट, मोकळ्या सरीतून पाणी' हा मुद्दा पहिला. उंदराच्या भीतीच्या गावाला बुडखे जमिनीलगत छाटून पाचट बारीक करायचा मुद्दा पहिला. मग प्रत्येक मुद्दा दोन भाषांत.

हिरण्यकेशी

हे पटलं. मग घोषवाक्याचं काय? संस्थेचा आग्रह आहे की दोन्ही भाषांत 'एकच' घोषवाक्य दिसावं.

शाईपेन

एक मोहीम म्हणून ओळख पटायला चित्र, रंग आणि मांडणी एक ठेवा. वाक्य एकच ठेवायचा आग्रह सोडा. दोन नमुने देतो, दोन्ही एकाच टिपणावरून सुचलेले.

मराठी: काडी ओढू नका, पाचट सरीत ओढा.

कन्नड: रवदी सुट्र बूदी, कोळसिद्र गोब्बर.

मराठीत 'ओढा' दोन अर्थांनी आलं. काडीही ओढतात, पाचटही ओढतात. शिवाय काय करायचं तेही वाक्यातच आहे. हे कन्नडमध्ये नेऊ गेलात तर काडी 'गीरतात' आणि पाचट 'एळीतात', खेळ संपला. कन्नडमधलं 'रवदी, बूदी' हे यमक मराठीत आणलं तर 'पाचट जाळलं तर राख, कुजवलं तर खत' असं होतं. अर्थ तोच, पण भोंग्यावरून कानाला लागत नाही. म्हणून दोघांना आपापला खेळ खेळू द्या.

अथणी_कृष्णाकाठ

'सुट्र', 'कोळसिद्र' हे बोलीतलं. भोंग्यावर एकदम चालेल. पण भिंतीवर लिहिलं तर शिकलेली पोरं म्हणतील, कन्नड नीट लिहिता येत नाही का. छापताना 'सुट्टरे बूदी, कोळेसिदरे गोब्बर' करा. यमक टिकतं, कारण ते रवदी-बूदीवर आहे. क्रियापदावर नाही.

आणि 'सुडबेडी' हे छापील रूप झालं. आपल्याकडे आवाजात 'सुडब्याड्री' म्हणायचं. त्या 'री'मध्ये मान आहे. 'री' नसलं की रेडिओवरचं बेंगळूरचं कन्नड वाटतं.

डीटीपी_खडेबाजार

मराठीतही बघा की. 'जाळू नये', 'टाळावे', 'रूपांतर करावे' असं आलं की सरकारी नोटीस वाटते. 'नका' आणि 'ओढा' ठेवा. पण भिंतीवर 'ओढा की ओ' असलं बेळगावी लिहू नका. भोंग्यावर चालतं, भिंतीवर चेष्टा वाटते.

हिरण्यकेशी

बोलीचा वापर आवाजात करायचा आणि छपाईत नाही, हा नियम पक्का धरू का?

शाईपेन

पक्का नको. व्हॉट्सअ‍ॅपवर जो छोटा संवाद जाईल, त्यात दोन शेतकरी बोलताना दाखवले तर बोली छापलीत तरी चालेल, कारण ती पात्रांची आहे. कारखाना स्वतःच्या तोंडाने बोलतो तिथे प्रमाण. माझा कल असा आहे. पण अथणीकडचे आणि निपाणीकडचे लोक यावर वेगळं सांगतील.

अथणी_कृष्णाकाठ

सांगतोच. भिंतीवरसुद्धा 'री' लावलेलं आपलंसं वाटतं, असं म्हणणारे भरपूर आहेत. हे गावात विचारूनच ठरवा.

करदंट_गोकाक

इथे विचारणं चालेल का माहीत नाही. आमचं मिठाईचं दुकान आहे. पाटीवर मराठी किती आणि कन्नड किती ठेवायचं? ६० टक्के म्हणतात ते अक्षरांच्या संख्येने की जागेने?

डीटीपी_खडेबाजार

दादा, हा धागा पाचटाचा आहे. तुमचा प्रश्न दुकानाच्या नामफलकाचा. २०२४ च्या दुरुस्तीनुसार नामफलकावर ६० टक्के कन्नड हवं आणि ते वरच्या भागात हवं. अक्षरांनी मोजायचं की जागेने, ते मला खात्रीने सांगता येत नाही. लावण्याआधी महानगरपालिका किंवा नगरपालिकेत नमुना दाखवा. पत्रक म्हणजे नामफलक नव्हे. गावातल्या भिंतीवर रंगवायचं असेल तर भिंतीच्या मालकाला आणि ग्रामपंचायतीला आधी विचारा, म्हणजे रंगवल्यावर पुसायची वेळ येत नाही.

करदंट_गोकाक

आभारी आहे. मग दसऱ्याच्या जाहिरातीत 'सोनं घ्या, सोन्यासारखं राहा' हे कन्नड गिऱ्हाइकासाठी कसं लिहू? आमच्या पोराने शब्दाला शब्द लावून 'बंगार तगोंडु' असं काहीतरी केलंय.

अथणी_कृष्णाकाठ

ते करू नका ओ, सराफाची जाहिरात वाटेल. दसऱ्याला कन्नडमध्ये आपलं वाक्य तयारच आहे: 'बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण.' सणाला एकमेकांच्या हातात पान देताना जे म्हणतात तेच लिहा. सणाच्या जाहिरातीत नवीन वाक्य शोधू नये, लोक जे तोंडाने म्हणतात ते उचलावं.

शाईपेन

आता राजूभाऊंचा मुद्दा. 'सगळ्यांना दोन्ही येतात' हे बोलण्यापुरतं बऱ्याच अंशी खरं आहे. पण वाचणं शाळेवर ठरतं. घरात मराठी बोलणारा मुलगा कन्नड शाळेत शिकला असेल तर मराठी पत्रक तो अडखळत वाचतो, आणि त्याच्या वडिलांना कन्नड पत्रक वाचता येत नाही. म्हणून छापील साहित्याची भाषा घरच्या भाषेवरून ठरवू नका. आवाजाची भाषा बोलण्यावरून ठरवा, कागदाची वाचण्यावरून.

हे शोधायला सर्वेक्षण नको. ऊस नोंदीच्या रजिस्टरवर शेतकरी कुठल्या लिपीत सही करतो ते बघा. गट ऑफिसच्या क्लार्ककडे गावनिहाय रजिस्टर असतंच. एका गावाच्या पन्नास सह्या डोळ्याखालून घातल्या की मराठी पत्रकं किती आणि कन्नड किती, याचा अंदाज येतो. अंगठ्याचे ठसे जास्त असतील तिथे पत्रकाचे पैसे भोंग्यात घाला.

हिंदीचं मला पटत नाही. तोडणी टोळ्या बीडकडून आल्या असतील तर त्यांना मराठी पुरे. शिवाय त्यांचा प्रश्न वेगळाच आहे: उभा ऊस पेटवून तोडायला सोपा करायचा, म्हणजे जळीत ऊस. पाचट मालकाचं, निर्णय मालकाचा. टोळीला पाचटाचं पत्रक देऊन काही होणार नाही. तिच्यासाठी वेगळी दोन वाक्यं मुकादमाला सांगायची.

राजू_संकेश्वर

आणि मुसलमान ट्रॅक्टरवाले?

अथणी_कृष्णाकाठ

ते घरात दखनी बोलतात, बाजारात कन्नड किंवा मराठी. दखनीत भोंगा केला, 'पाचट को आग नक्को लगाओ' वगैरे, तर पोरं हसतील. दखनी आजकाल विनोदी क्लिपमध्येच ऐकू येते. आणि शुद्ध हिंदी लावली तर बँकेची जाहिरात वाटते. मी तरी तिसरी भाषा काढणार नाही. त्यांच्यातल्याच एकाच्या आवाजात मराठी किंवा कन्नड क्लिप करा.

निपाणी_तंबाखू

मला हे पटत नाही. दखनीत नीट बोलणारा वयस्क माणूस आणला, विनोदाचा सूर टाळला, तर लोक मान देऊन ऐकतात. हसू भाषेमुळे येत नाही, नक्कल करणाऱ्यामुळे येतं.

अथणी_कृष्णाकाठ

असेल. पण असा माणूस मिळणं आणि भोंगेवाल्याकडून तो नीट रेकॉर्ड करून घेणं, दोन्ही अवघड.

हिरण्यकेशी

तिसऱ्या भाषेचं मी गट ऑफिसात विचारते. राखेतल्या पोटॅशचं काय उत्तर द्यायचं? ते लोक खरंच म्हणतात.

बांध_आणि_सरी

शेतीकडून मी सांगतो. पोटॅश राखेत बऱ्यापैकी राहतं हे खरंच, म्हणून 'राखेत काही नसतं' असं छापू नका. ज्याला माहीत आहे त्याचा पुढच्या ओळीवरचाही विश्वास उडेल. जळतं ते नत्र आणि सेंद्रिय कर्ब, ते हवेत जातं. पत्रकात असं लिहा: 'राखेत पोटॅश राहतं, पण नत्र आणि कर्ब धुरातून जातं. कुजवलं तर पोटॅश, नत्र आणि काही कर्ब शेतात.' शेतकऱ्याचं खरं आधी मान्य करा आणि मग पुढचं सांगा.

कुजवायचं प्रमाण महाराष्ट्रात सांगतात ते असं: टनभर पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट, १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन. एकरी साधारण ३ ते ४ टन पाचट निघतं. ४ टन धरलं तर युरिया ३२ किलो, सुपर ४० किलो, संवर्धन ४ किलो. छापण्याआधी ऊस विकास अधिकाऱ्याची या आकड्यांवर सही घ्या. ते तुमच्या जमिनीप्रमाणे बदलतीलही.

तुमच्या मूळ मजकुरात आकडे हेक्टरी असतील तर भाषांतर करणारा ते तसेच ठेवतो, हे नक्की बघा. इथे हिशोब एकर आणि गुंठ्याचा, दोन्ही भाषांत. हेक्टरी ८० किलो युरिया वाचून एकराला ८० किलो टाकणारा निघतोच. पोत्यांत सांगायचं तर युरियाचं पोतं आता ४५ किलोचं आहे, म्हणून 'पाऊण पोत्याला थोडं कमी' म्हणा. जुन्या ५० किलोच्या हिशोबाने लिहिलेला मजकूर अजून फिरतो.

शाईपेन

हे आकडे टिपणातही वाक्यात लिहू नका. वेगळा तक्ता करा आणि तो कुणी भाषांतरित करायचा नाही. दोन्ही लेखकांनी तो जसाच्या तसा उचलायचा. पत्रकात दोन्हीकडे सारखेच इंग्रजी अंक घाला, म्हणजे कन्नड न येणारा माणूसही दोन पत्रकं शेजारी ठेवून आकडे जुळतात का ते बघू शकतो. छपाईत मोठी चूक झाली तर ती इथेच होते आणि ती शेतात दिसते.

डीटीपी_खडेबाजार

छपाईचं माझ्याकडून. कन्नड मजकूर बऱ्याचदा जुन्या नुडी फॉन्टमध्ये येतो. तो तुमच्या फाइलमध्ये पेस्ट केला आणि फॉन्ट बदलला की इंग्रजी अक्षरांचा गोंधळ होतो. हे निदान दिसतं. न दिसणारी चूक वेगळी: जुन्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड पेस्ट केलं की कन्नडचे ओत्तु, म्हणजे अक्षराखाली येणारी जोडाक्षरं, सुटतात किंवा शेजारी जाऊन बसतात. 'कब्बु' मधला खालचा 'ब' गेला की शब्द मोडला. मराठी माणसाला ते कळत नाही, म्हणून प्रूफ कन्नड वाचणाऱ्याकडून छापील कागदावरच बघून घ्या. मोबाइलवर नको.

कन्नडला ओळीखाली जागा जास्त लागते, मराठीला ओळीवर. एकाच ओळ-अंतरात दोन्ही बसवलं की कन्नडचे ओत्तु खालच्या ओळीला टेकतात. आणि कन्नड शब्द लांब असतात, मध्येच तोडता येत नाहीत. मराठीत दोन ओळींत बसलेलं घोषवाक्य कन्नडमध्ये तिसऱ्या ओळीवर जातं. म्हणून आधी कन्नड बसवा, मग मराठी त्याच चौकटीत मोकळं बसतं. उलटं केलं की कन्नड अक्षर बारीक करावं लागतं. आणि सीमाभागात कन्नड बारीक, मराठी मोठं दिसलं की पाचट बाजूला राहतं, वाद दुसराच सुरू होतो.

हिरण्यकेशी

एकाच कागदावर दोन्ही भाषा की वेगळे कागद?

डीटीपी_खडेबाजार

वेगळे. एका कागदाच्या दोन बाजू केल्या तरी 'वरची बाजू कुठली' हा प्रश्न येतो.

बांध_आणि_सरी

मी उलट म्हणेन. घरात मुलगा एक वाचतो, बाप दुसरं. दोन्ही एका कागदावर असलेलं बरं.

शाईपेन

दोन्ही बाजू खऱ्या आहेत. सह्यांच्या रजिस्टरात मिश्र गाव निघालं तिथे दोन बाजूंचा कागद, एकभाषी गावाला एकच भाषा. छपाईचा खर्च थोडा वाढेल. रंगाचं मात्र ठाम सांगतो: लाल-पिवळी जोडी नको, भगवा नको. हिरवा आणि मातीचा रंग घ्या. मोहीम १ नोव्हेंबरला सुरू करू नका. त्या दिवशी राज्योत्सव आणि काळा दिन दोन्ही असतात, तुमचा भोंगा कुणाचा तरी वाटेल. गळीत सुरू व्हायच्या आत पहिली फेरी उरका.

आणि एक गोष्ट, जी इंग्रजीतून आलेल्या मजकुरात हमखास चुकते. इंग्रजीत 'डोंट' आधी येतं. मराठी आणि कन्नड दोन्हींत नकार शेवटी: 'पेटवू नका', 'सुडब्याड्री'. चालत्या रिक्षाचा भोंगा एका जागी उभ्या माणसाला आठ-दहा सेकंदच ऐकू येतो. वळणावर शेवटचा शब्द गेला की कानावर पडतं 'पाचट पेटवू'. भिंतीवर रंगवणारा 'पाचट पेटवू' मोठं काढतो आणि 'नका' खालच्या ओळीत बारीक. लांबून उलटंच वाचलं जातं. त्यावर चित्र ज्वाळांचं. मग बघणाऱ्याला काय कळणार?

म्हणून काय करायचं ते आधी सांगा. भोंग्यावर पहिलं वाक्य 'पाचट सरीत ओढा' आणि नकार नंतर. भिंतीवर नकार आणि क्रियापद एकाच ओळीत, एकाच आकारात. चित्र सरीत पाचट पसरलेल्या शेताचं. आगीवर फुली मारलेलं नको. 'काडी ओढू नका'सुद्धा भिंतीवर दोन ओळींत तोडायचं असेल तर 'काडी ओढू नका' एक ओळ आणि 'पाचट सरीत ओढा' दुसरी, ती मोठी.

निपाणी_तंबाखू

हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. आता प्रत्येक भिंतीवर 'नका' शोधत फिरणार मी.

हिरण्यकेशी

मेसेजचं राहिलं. मराठी आणि कन्नड दोन्ही एका मेसेजमध्ये बसत नाहीत, असं सिस्टमवाले म्हणतात.

शाईपेन

भारतीय लिपीत एक मेसेज ७० खुणांचा. त्याच्या वर गेलात की तुकडे होतात, प्रत्येक तुकडा ६७ चा, आणि पैसे दोन मेसेजचे. काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. म्हणून जोडाक्षरांनी कन्नड फुगतं. मोजून दाखवतो.

मराठी: 'ऊस तुटला की पाचट एक आड एक सरीत ओढा. पेटवू नका. माहिती: गट कार्यालय'. ६६ खुणा, बसलं.

कन्नड, लिखित वळणाने: 'कब्बु कडिद मेले रवदियन्नु सालु बिट्टु सालिगे हाकि. सुडबेडि. माहिति: कचेरि'. कन्नड लिपीत मोजलं तर ७३. तीन खुणांसाठी दुसरा मेसेज. लोक इथे 'माहिती' कापतात. तसं करू नका. 'रवदियन्नु'चा 'यन्नु' काढा. बोलताना कुणी तो लावत नाही, वाक्य उलट नैसर्गिक होतं आणि पाच खुणा कमी होतात: ६८.

दोन्ही मसुदे डीएलटी या मोबाइल कंपन्यांच्या मेसेज-नोंदणी यंत्रणेवर भाषेगणिक वेगळे नोंदवायला लागतील. नोंदणीनंतर एक शब्द बदललात तरी मेसेज अडकतो. म्हणून कन्नड वाचणाऱ्याची मान्यता नोंदणीच्या आधी. मागून 'रवदी'चं 'तरगु' करून द्या म्हणाल तर सगळं परत.

अथणी_कृष्णाकाठ

'सालु बिट्टु सालिगे' बरोबर आहे. 'हाकि'च्या जागी 'एळीरी' म्हणता येईल, पण 'हाकि' सगळ्यांना चालेल.

हिरण्यकेशी

तपासणीचं शेवटचं. मूळ इंग्रजीत उलट भाषांतर करून बघा, असं संस्था सांगतेय.

शाईपेन

उलट भाषांतराने चुकीचा आकडा सापडेल, पण कंटाळवाणं वाक्य कंटाळवाणं आहे हे कळणार नाही. 'तुमचे भविष्य जाळू नका'चं उलट भाषांतर अगदी बरोबर येतं, आणि तेच तुम्हाला नको आहे.

कारखान्याच्या काट्यावर गाड्यांची रांग असते. तिथे पत्रक एकाच्या हातात द्या, वाचू द्या, मग परत घ्या. विचारा: 'तुमच्या शेतात आता काय करणार?' 'आवडलं का' विचारू नका, सगळे हो म्हणतात. उत्तरात 'एक आड एक सरी' आलं तर पत्रक चाललं. 'कारखाना काहीतरी खत देणार आहे' असं उत्तर आलं तर पत्रकात वचन दिसतंय, ते शोधा. प्रत्येक भाषेला पाच-सहा माणसं पुरतात. तीच चूक तिसऱ्या माणसानेही केली की थांबून मजकूर बदला.

बांध_आणि_सरी

रांगेत ट्रॅक्टरचा ड्रायव्हर असतो, शेताचा मालक नव्हे. हे विसरू नका.

शाईपेन

खरं आहे. मग काट्यावर नको, गट ऑफिसात बिल विचारायला मालक येतो तिथे. फक्त बिल थकलेलं असेल त्या आठवड्यात जाऊ नका, पत्रकाबद्दल कुणी बोलणार नाही.

राजू_संकेश्वर

ताई, मेसेज जायच्या आधी एक कन्नड भोंगा हुक्केरी बाजारात लावून बघा की. गुरुवारचा बाजार की कुठला ते विचारून घ्या. मी रिक्षावाला देतो.

हिरण्यकेशी

चालेल राजूभाऊ, रिक्षावाल्याशी बोलून सांगा. उद्या दोन्ही लेखकांना टिपण पाठवते, इंग्रजी वाक्य काढून. दखनीचं आणि भिंतीवरच्या 'री'चं गट ऑफिसातून काय येतं ते इथे टाकते.